आकड्याशेजारी मूळ वाक्य

कोविडच्या पहिल्या वर्षात ब्रिटनमधल्या रुग्णालयांत ‘रिकव्हरी’ नावाची एक मोठी औषधचाचणी झाली. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड गंभीर रुग्णांचे प्राण वाचवतं, हे याच चाचणीतून पुढे आलं. औषध दिलेल्या गटात २१०४ रुग्ण होते. त्यांतले २८ दिवसांच्या आत किती दगावले, हा तसा सरळ प्रश्न. पण चाचणीची माहिती गोळा करून केलेल्या एका तक्त्यात त्याचं उत्तर ४५४ असू शकतं आणि दुसऱ्यात ४८२. चाचणी तीच, गट तोच, मुदतही तीच.

यात चूक कुणाचीच नाही. ४५४ हा आकडा २२ जून २०२० रोजी जाहीर झालेल्या प्रीप्रिंटमधला, म्हणजे तज्ज्ञांच्या छाननीआधीच सर्वांसाठी खुल्या केलेल्या मसुद्यातला आहे. त्यानंतर नोंदी अद्ययावत झाल्या आणि १७ जुलैला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो अहवाल आला त्यात ४८२ ही संख्या छापली गेली. टक्केवारी २१.६ वरून २२.९ झाली. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ४३२१ रुग्णांच्या गटातही मृत्यूंचा आकडा १०६५ वरून १११० वर गेला. दोन्ही गटांत तो वाढल्यामुळे निष्कर्ष मात्र जागचा हलला नाही. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २७ जून २०२० रोजी आपल्या उपचारविषयक सूचनांत डेक्सामेथासोनचा समावेश केला, तेव्हा लोकांसमोर ४५४ हाच आकडा होता. त्या आठवड्यात कुणी टिपण लिहिलं असेल आणि त्यात ४५४ असेल, तर ते टिपण बरोबरच आहे.

अडचण तक्ता तपासणाऱ्याची होते. त्याच्यासमोरच्या चौकोनात नुसतं ‘४५४’ लिहिलेलं असतं. तो मासिकातला लेख उघडतो, तिथे ४८२ दिसतं, आणि तो लाल शाईने खूण करतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे तो काहीच उघडत नाही. त्याच चौकोनाशेजारी ज्या वाक्यातून आकडा उचलला ते वाक्य जसंच्या तसं, दस्तऐवजाचं नाव आणि पान यांसह लिहिलेलं असतं, तर हा गुंता अर्ध्या मिनिटात सुटला असता.

एवढी एक साधी अट माहिती काढण्याच्या कामात आता जोर धरते आहे. काढलेल्या प्रत्येक मूल्याजवळ त्याचा आधार असलेलं अवतरण हवं. हे काम माणसांऐवजी भाषा-मॉडेलांकडून, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनांमागे असणाऱ्या संगणकीय प्रणालींकडून करून घेतलं जाऊ लागल्यापासून तर या अटीवाचून पान हलणं कठीण झालं आहे.

चुका होतात कुठे?

एखादं औषध खरंच उपयोगी आहे का, हे ठरवताना एका चाचणीवर भिस्त ठेवत नाहीत. त्या औषधावरच्या सगळ्या चाचण्या शोधून, प्रत्येक अहवालातून ठरावीक गोष्टी उचलून एका तक्त्यात भरतात: रुग्ण किती, मात्रा किती, मृत्यू किती, पाठपुरावा किती दिवसांचा. मग त्या सगळ्यांची मिळून आकडेमोड होते. वरून हे कारकुनी काम वाटतं, पण निकाल फिरवणाऱ्या चुका इथेच शिरतात.

डेन्मार्कमधले संशोधक पीटर गॉट्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात याचा एक पडताळा प्रसिद्ध केला. त्यांनी अशा २७ एकत्रित विश्लेषणांतून प्रत्येकी दोन चाचण्या निवडल्या आणि मूळ अहवालांवरून आकडे पुन्हा काढून पाहिले. २७ पैकी १० विश्लेषणांत निदान एका चाचणीचा छापलेला आकडा त्यांना ठरवलेल्या मर्यादेत पुन्हा मिळेना. ही विश्लेषणं जाणत्या लोकांनी केलेली आणि नियतकालिकांत छापून आलेली होती.

या प्रकारातली एक नेहमीची चूक पाहण्यासारखी आहे. अहवालात सरासरीनंतर कंसात जी संख्या देतात ती कधी ‘प्रमाण विचलन’ असते, कधी ‘प्रमाण त्रुटी’. दोन्ही दिसायला सारख्याच. पण विचलन म्हणजे त्रुटी गुणिले रुग्णसंख्येचं वर्गमूळ. समजा एका गटात १०० रुग्ण आहेत, दोन गटांच्या सरासरीत ३ गुणांचा फरक आहे आणि कंसात १.२ छापलं आहे. ती प्रमाण त्रुटी असेल तर विचलन १.२ गुणिले १०, म्हणजे १२ येतं. ३ ला १२ ने भागलं की औषधाचा परिणाम ०.२५ निघतो, म्हणजे किरकोळच. पण तक्ता भरणाऱ्याने १.२ हेच विचलन समजून भागाकार केला, तर उत्तर येतं २.५. परिणाम एकदम दहापट फुगतो आणि औषध चमत्कार वाटू लागतं.

तक्त्यात फक्त ‘१.२’ असेल, तर ही चूक नजरेला दिसणं अशक्य. शेजारी मूळ वाक्य असेल आणि त्यात ‘कंसात प्रमाण त्रुटी’ असे शब्द असतील, तर संख्याशास्त्र थोडंफार जाणणारा माणूसही तिथे थबकेल.

वैद्यकीय पुराव्यांचं संकलन करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने हा धडा २००८ मध्येच आपल्या पद्धतीत आणला. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांच्या नावाने ओळखली जाते. चाचणीत पक्षपाताला किती वाव होता हे ठरवण्यासाठी तिने एक नमुना-तक्ता तयार केला. त्यात ‘धोका कमी’, ‘धोका जास्त’ किंवा ‘स्पष्ट नाही’ या निर्णयाशेजारी त्या निर्णयाचा आधार लिहायचा रकाना ठेवला. तिथे आधी अहवालातलं वाक्य अवतरणचिन्हांत द्यायचं आणि त्याखाली आपलं भाष्य. लेखक काय म्हणाले आणि तक्ता भरणाऱ्याने त्यातून काय काढलं, हे दोन्ही वेगळं दिसावं, हा त्यामागचा हेतू. व्हाउचरशिवाय खर्चाची नोंद मंजूर न करणारा लेखापरीक्षक जे करतो, तेच हे.

वाचलेलं की आठवलेलं?

माणूस तक्ता भरतो तेव्हा निदान एक गोष्ट गृहीत धरता येते: त्याने अहवाल उघडला होता. भाषा-मॉडेलबद्दल तेही धरता येत नाही. मॉडेलला अहवाल दिला आणि आकडा विचारला, तर तो तीन वाटांनी येऊ शकतो. दिलेल्या अहवालातून वाचलेला, घडणीच्या काळात वाचलेल्या प्रचंड मजकुरातून आठवलेला, किंवा संदर्भाला शोभेल असा रचलेला. तिन्ही उत्तरं सारख्याच ठाम सुरात येतात.

रिकव्हरीसारखी गाजलेली चाचणी इथे खास धोक्याची. तिचे अंतिम आकडे हजारो ठिकाणी छापून आले आहेत. समजा एखाद्याने मॉडेलला जूनमधला प्रीप्रिंट दिला आणि विचारलं, ‘डेक्सामेथासोन गटात २८ दिवसांत मृत्यू किती?’ मॉडेल ‘४८२’ म्हणालं, तर उत्तर जगाच्या दृष्टीने बरोबर आणि दिलेल्या कागदाच्या दृष्टीने चूक. कारण त्या कागदात ४८२ कुठेच नाही. नुसता आकडा पाहून हे कळणार नाही. पण आधाराचं वाक्य मागितलं असेल, तर मॉडेलपुढे दोनच वाटा उरतात: ४५४ चं खरं वाक्य द्यायचं, किंवा ४८२ चं असं वाक्य द्यायचं जे त्या कागदात नाही. दुसऱ्या वाटेने गेलं की पकडलं जातं.

पकडायला तज्ज्ञही लागत नाही. आकडा बरोबर आहे का, हा प्रश्न समजून घ्यावा लागतो. पण अमुक वाक्य अमुक मजकुरात अक्षरशः आहे का, हे यंत्र क्षणात सांगतं. अवतरण मागण्याचा मोठा फायदा हाच की न तपासता येणाऱ्या दाव्याबरोबर एक तपासता येणारा दावाही हाती लागतो.

प्रत्यक्षात कसं करतात?

आधी दस्तऐवजाचा मजकूर पानांच्या किंवा ओळींच्या क्रमांकांसह तयार करतात. मॉडेलला प्रत्येक मूल्यासाठी तीन गोष्टी मागतात: आधाराचं वाक्य, त्याची जागा आणि मूल्य. मासिकातल्या लेखासाठी उत्तर साधारण असं दिसतं:

```
{
  "quote": "482 patients (22.9%) in the dexamethasone group",
  "page": 693,
  "value": 482
}
```

यात वाक्य आधी आणि मूल्य नंतर आहे, ते मुद्दाम. भाषा-मॉडेल मजकूर डावीकडून उजवीकडे, एकेक तुकडा करत लिहितं आणि पुढचा तुकडा आधी लिहिलेल्यावर बेतलेला असतो. वाक्य आधी उतरवलं, की नंतरचं मूल्य त्या वाक्यावर टेकतं. उलट क्रम ठेवला तर मॉडेल आधी आकडा बोलून बसतं आणि मग त्याला साजेसं वाक्य शोधू लागतं. न सापडल्यास बनवतंही.

सूचनेत दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. वाक्य शब्दशः उतरवायचं, सारांश नको, शुद्धलेखनाची दुरुस्तीही नको. आणि माहिती कागदात नसेल तर मूल्य रिकामं ठेवून ‘आढळलं नाही’ असं लिहायचं. ही मुभा दिली नाही, तर प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे असं समजून मॉडेल काहीतरी भरतं.

उत्तर आल्यावर एक छोटा प्रोग्राम वाक्य मूळ मजकुरात आहे का ते बघतो. पायथॉनमध्ये तो इतकाच असू शकतो:

```
import re, unicodedata

def clean(s):
    s = unicodedata.normalize("NFKC", s)
    return re.sub(r"\s+", " ", s).strip()

def found(quote, text):
    q = clean(quote)
    return bool(q) and q in clean(text)
```

शेवटच्या ओळीतलं `bool(q)` गाळलं तर गंमत होते. पायथॉनच्या लेखी रिकामं वाक्य प्रत्येक मजकुरात ‘असतं’. त्यामुळे मॉडेलने आधार म्हणून काहीच दिलं नाही, तरी ती नोंद सुखेनैव पास होते. अशी गळती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, कारण अहवालात सगळ्या नोंदींपुढे ‘सापडलं’ असंच छापून येतं.

`clean` चं कारण वेगळं आहे. पीडीएफमधून काढलेला मजकूर आणि माणसाला दिसणारा मजकूर यांत बारीक फरक असतात. ओळ जिथे तुटली तिथे जास्तीची मोकळी जागा येते, शब्द जोडरेषेने मोडलेला असतो, काही जोडअक्षरं एकच चिन्ह म्हणून साठवलेली असतात. ‘लॅन्सेट’ हे नियतकालिक दशांश चिन्ह ओळीच्या तळाशी न देता मधोमध देतं. मॉडेल ते उतरवताना साधा बिंदू टाकतं आणि अक्षरशः तुलना फसते. वरचा प्रोग्राम मोकळ्या जागा आणि जोडचिन्हं सांभाळतो; तुटलेले शब्द आणि मधला बिंदू यांची सोय वेगळी करावी लागते.

मराठी कागदांत ही डोकेदुखी आणखी वाढते. मूळ कागदात ‘४८२’ आणि उत्तरात ‘482’ आलं, तर माणसाला ते एकच, पण यंत्राला वेगळं. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या पीडीएफ तर पडद्यावर स्वच्छ मराठी दाखवतात, पण आतला मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तिथे मजकूर आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय अवतरण जुळवण्यात अर्थ नाही. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्राने अक्षरं ओळखली असतील, तर ओळखण्यातच १ चा ९ झालेला असू शकतो. मग अवतरण त्या चुकीच्या मजकुराशी तंतोतंत जुळेल आणि चूक तशीच पुढे जाईल. अशा कागदांसाठी वाक्याबरोबर पानाच्या चित्रातला तेवढा तुकडाही दाखवावा लागतो.

तुलना किती सैल करायची, हाही प्रश्न येतो. थोडाफार फरक चालवून घ्यायचा म्हणून ‘पंच्याण्णव टक्के जुळलं की पुरे’ असं ठरवलं, तर लांब वाक्यात एक आकडा बदलला तरी ते जुळलेलं ठरतं. म्हणून शब्दांना थोडी सूट द्यावी, पण अंकांना देऊ नये.

खरं वाक्य, चुकीचं उत्तर

वाक्य जुळलं म्हणजे काम झालं, असं समजणं मात्र महागात पडतं. रिकव्हरीचाच लेख पुन्हा घेऊ. त्यात एकूण मृत्युदराबरोबर रुग्णांच्या तीन उपगटांचे दरही आहेत. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत डेक्सामेथासोन गटात २९.३ टक्के मृत्यू झाले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ४१.४ टक्के. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत हे प्रमाण २३.३ विरुद्ध २६.२ होतं. ज्यांना प्राणवायूही लागत नव्हता त्यांच्यात मात्र ते १७.८ विरुद्ध १४.० होतं. शेवटच्या जोडीत दिशाच उलटी आहे. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नसला, तरी या रुग्णांना औषधाचा फायदा झाल्याचं दिसलं नाही, एवढं नक्की.

आता तक्त्यात रकाना आहे ‘एकूण मृत्युदर’ आणि मॉडेलने दिलं १७.८. सोबतचं वाक्य खरं आहे, पान बरोबर आहे, वाक्यात १७.८ आहे. यंत्राच्या दोन्ही चाचण्या पास. आणि तरीही नोंद इतकी चुकीची की औषधाचा निष्कर्षच पालटावा. ही चूक पकडू शकतो तो फक्त वाक्य वाचणारा माणूस, आणि तोही वाक्यात ‘श्वसनाला आधार न लागणारे रुग्ण’ हे शब्द असतील तरच.

म्हणून अवतरणाची लांबी महत्त्वाची ठरते. मॉडेलने आधार म्हणून ‘४८२ रुग्ण (२२.९ टक्के)’ एवढाच तुकडा दिला, तर तो मूळ मजकुरात सापडेल, पण कोणत्या गटाचे, किती दिवसांत, हे काहीच कळणार नाही. वर दिलेल्या नमुन्यातही गट आहे, पण ‘२८ दिवसांत मृत्यू’ हे शब्द नाहीत. कडक तपासनीस तो परत पाठवेल. कोणता गट, कोणती घटना, किती मुदत, कोणतं एकक: ही चारही ज्यातून कळतील इतकं वाक्य हवं. सहसा पूर्ण वाक्य पुरतं, कधी मागचंही एक लागतं. अख्खा परिच्छेद घेतला तर तपासनीस पुन्हा शोधाशोधीला लागतो आणि मूळ सोयच जाते.

तक्त्यांतून आकडे उचलताना वेगळीच पंचाईत होते, कारण तिथे वाक्यच नसतं. तिथे आधार म्हणून तक्त्याचा क्रमांक, ओळीचं शीर्षक, स्तंभाचं शीर्षक आणि चौकोनातला मजकूर, असं सगळं मागतात. पीडीएफमधून काढताना तक्त्याचे स्तंभ सरकतात आणि एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या खाली जाऊन बसतो. स्तंभाचं शीर्षक मागितलेलं असेल, तर तपासनीसाला मूळ पानावर नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

काही मूल्यं कागदात नसतातच, ती काढावी लागतात. मृत्युदरातला फरक किती, या प्रश्नाचं उत्तर २५.७ वजा २२.९, म्हणजे २.८ टक्के-बिंदू. हा २.८ वाक्यात शोधून सापडणार नाही. अशा वेळी मॉडेलकडून बेरीज-वजाबाकी करून घेऊ नये. दोन्ही मूळ संख्या आपापल्या वाक्यांसह मागाव्यात आणि वजाबाकी प्रोग्रामने करावी. याच रीतीने टक्केवारीचीही परीक्षा होते: ४८२ ला २१०४ ने भागलं की २२.९ येतं, १११० ला ४३२१ ने भागलं की २५.७. जुळलं नाही तर कुठेतरी गट किंवा आवृत्ती बदलली आहे, हे ओळखावं.

न सापडलेल्याचं काय?

अवतरणाची ही पद्धत एका बाबतीत लंगडी आहे. तक्त्यात आलेलं मूल्य खरं आहे का, हे ती सांगते. जे आलंच नाही, त्याबद्दल ती गप्प. एखाद्या अहवालात दुष्परिणामांचे पाच प्रकार नोंदवलेले असतील आणि मॉडेलने तीनच उचलले, तर तिन्हींना चोख अवतरणं असतील आणि तपासनीस समाधानाने पुढे जाईल. उरलेले दोन शोधायचे तर कुणीतरी अहवाल स्वतंत्रपणे वाचायला हवा. कॉक्रेनच्या पद्धतीत महत्त्वाचे निकाल दोन व्यक्तींनी एकमेकांचं न बघता काढायचे असतात. यंत्र आलं तरी निदान काही अहवालांपुरती ही रीत ठेवण्याचं कारण हेच आहे.

‘आढळलं नाही’ या नोंदीलाही अवतरण देता येत नाही, कारण नसलेल्या गोष्टीचं वाक्य कुठून आणणार? तपासनीसाने भरलेल्या नोंदींपेक्षा या रिकाम्या नोंदींवर आधी वेळ घालवावा. मॉडेलकडून चुकून सुटलेल्या गोष्टी तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.

दुसरी मर्यादा माणसाची आहे. आकड्याजवळ नीटनेटकं वाक्य दिसलं, पान दिसलं, वर हिरवी खूणही दिसली, की मन सैलावतं. पन्नासाव्या नोंदीपर्यंत डोळा वाक्यावरून नुसता घसरू लागतो. यावर एक चांगला उपाय पडद्याच्या मांडणीत आहे: वाक्य तक्त्यात सुटं न दाखवता मूळ पानावरच रंगवून दाखवायचं, म्हणजे आजूबाजूची वाक्यंही नजरेखालून जातात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले डॉक्टर इयन मार्शल आणि अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ बायरन वॉलेस यांच्या गटाचा ‘रोबोटरिव्ह्यूअर’ हा प्रोग्राम आजच्या भाषा-मॉडेलांच्या कितीतरी आधीचा. त्याचं मूल्यमापन २०१६ साली प्रसिद्ध झालं. तो पक्षपाताच्या धोक्याचा अंदाज देताना चाचणीच्या अहवालातली आधाराची वाक्यंही काढून दाखवत असे. अंतिम निर्णय माणसाने घ्यायचा आणि यंत्राने त्याला योग्य ओळीपाशी नेऊन सोडायचं, ही त्यातली कामाची वाटणी आजही उपयोगी पडते.

काही ठिकाणी तपासनीसाच्या जागरूकतेचीही परीक्षा घेतात. यादीत मुद्दाम थोड्या चुकीच्या नोंदी पेरतात, म्हणजे वाक्य खरं पण गट दुसराच, आणि त्या किती पकडल्या जातात ते बघतात. पेरलेल्या चुका निसटू लागल्या, तर हिरव्या खुणांवर किती विसंबायचं ते कळतं.

हे सगळं औषधचाचण्यांपुरतं नाही. शासन निर्णयांतून अनुदानाच्या रकमा काढायच्या असोत, न्यायालयाच्या निकालांतून शिक्षेची मुदत किंवा जुन्या खरेदीखतांतून क्षेत्रफळ, चुका त्याच जातीच्या होतात. खरेदीखतात संपूर्ण गटाचं क्षेत्र आणि त्यातलं विकलेलं क्षेत्र एकाच परिच्छेदात येतं. ठरलेला मोबदला आणि मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं बाजारमूल्य अशा दोन रकमा असतात. दस्त केल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असू शकते. ‘रक्कम’ असा मोघम रकाना ठेवला, तर यातली कोणतीही रक्कम अस्सल वाक्यासह येऊन बसेल.

तेव्हा यंत्राकडून भरलेला असा तक्ता कुणी समोर ठेवला, तर निष्कर्षाकडे वळण्याआधी दोन रकाने मागावेत: आधाराचं वाक्य, आणि ते कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पानावर आहे. मग कुठल्याही दहा नोंदी निवडून मूळ कागद उघडावा आणि वाक्याच्या आधीची व नंतरची ओळ वाचावी. सोबत ‘आढळलं नाही’ म्हणून सोडलेल्या पाच जागा स्वतः शोधून पाहाव्यात. दहांतल्या दोन जरी चुकल्या, तरी तक्ता दुरुस्त करत न बसता तो परत पाठवावा आणि रकान्यांच्या व्याख्या नव्याने लिहून घ्याव्यात. आणि हे दोन रकाने द्यायलाच कुणी तयार नसेल, तर तो तक्ता वापरू नये.